जुन्या साहेबांचे शिफारसपत्र

परदेशातल्या एमबीएच्या अर्जासोबत साधारणपणे एक किंवा दोन शिफारसपत्रे लागतात. त्यांतले निदान एक तरी अर्जदाराचे रोजचे काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठाने लिहिलेले असावे, अशी संस्थांची अपेक्षा असते. सध्याच्या साहेबांकडे ते मागावे, तर नोकरी सोडण्याचा बेत उघडा पडतो आणि प्रवेश मिळाला नाही तर त्याच साहेबांच्या हाताखाली पुढची वर्षे काढायची असतात. म्हणून बरेच अर्जदार आधीच्या नोकरीतल्या साहेबांकडे वळतात. संस्थांना ही अडचण ठाऊक असते. सध्याच्या साहेबांचे पत्र का जोडले नाही, हे दोन ओळींत सांगण्याची सोय अनेक अर्जांत असते.

जुन्या साहेबांचा एक फायदा असा, की त्यांना आता काही लपवायचे नसते आणि माणूस हातचा जाईल अशी धास्तीही नसते. ते मोकळेपणाने लिहू शकतात. पण मधल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या हाताखालून आणखी दहा-पंधरा माणसे गेलेली असतात. ‘मुलगी हुशार होती, कामाला वाघ होती, कधी तक्रार नाही,’ एवढे त्यांना नक्की आठवते. ती हुशारी कोणत्या दिवशी, कोणत्या अडचणीत दिसली, ते मात्र पुसट झालेले असते. शिफारसपत्र फिके पडते ते बहुतेकदा या विसरामुळे, आपुलकी कमी असल्यामुळे क्वचितच.

मराठीत ‘शिफारस’ या शब्दाला वशिल्याची छटा आहे. कुणाच्या तरी शब्दावर काम व्हावे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. त्यामुळे अर्जदार शक्य तितक्या मोठ्या पदावरचा माणूस शोधतो आणि साहेबही ‘या उमेदवाराला प्रवेश द्यावा, ही विनंती’ अशा सुरात लिहितात. प्रवेश समितीला हवी असते ती साक्ष: या माणसाने हे केले, ते मी पाहिले, आणि इतरांच्या तुलनेत ते असे होते. अनुभव प्रमाणपत्राशीही या पत्राची गल्लत होते. अनुभव प्रमाणपत्रात पद आणि तारखा असतात, ते कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून मिळते आणि एकाचे दुसऱ्याला लावले तरी फारसा फरक पडत नाही. शिफारसपत्र एका माणसाने दुसऱ्याबद्दल लिहिलेले असते. ते तिसऱ्या कुणाच्या नावावर खपत असेल, तर ते चांगले नाही असे खुशाल समजावे.

साहेबांना नेमके काय भरायचे असते, हे आधी पाहिले की पुढचे सगळे सोपे जाते. जीमॅट ही प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या ग्रॅज्युएट मॅनेजमेंट ॲडमिशन कौन्सिलने शिफारसपत्राचा एक सामाईक नमुना तयार केला आहे आणि अनेक बिझनेस स्कूल तो जसाच्या तसा किंवा थोड्या फरकाने वापरतात. त्यात आधी एक तक्ता असतो. पुढाकार, इतरांना बरोबर नेण्याची हातोटी, अडचण सोडवण्याची पद्धत अशा गुणांपुढे पायऱ्या दिलेल्या असतात. प्रत्येक पायरीवर माणूस प्रत्यक्ष कसा वागतो, याचे वाक्य असते आणि त्यांतले लागू पडणारे निवडायचे असते. त्यानंतर प्रश्न येतात. पहिल्यात अर्जदाराशी संबंध कसा आला आणि त्याचे काम काय होते, हे पन्नासेक शब्दांत सांगायचे असते. दुसऱ्यात तशाच पदावरच्या इतर चांगल्या माणसांशी तुलना करून अर्जदाराची बलस्थाने लिहायची असतात. तिसरा प्रश्न असा, की अर्जदाराला सुधारणेसाठी दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगात दिली आणि त्याने ती कशी घेतली. या दोन्ही उत्तरांना सुमारे पाचशे शब्दांपर्यंत जागा असते. शेवटी आणखी काही सांगायचे असल्यास ऐच्छिक रकाना.

आपल्याकडचे साहेब अडखळतात ते तिसऱ्या प्रश्नापाशी. चांगल्या माणसाबद्दल लिहिताना उणे कशाला काढायचे, असे वाटून ते ‘ही जरा जास्तच मेहनत करते’ असे काहीतरी लिहितात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते उत्तर कोरेच. संस्थेला पाहायचे असते, की चूक दाखवल्यावर हा माणूस काय करतो. म्हणून साहेबांना मदत करायची असेल, तर ती सर्वांत जास्त या प्रश्नासाठी करावी लागते.

कुणाला विचारायचे, हा निर्णय त्यामुळे जवळपास आपोआप ठरतो. पदाचे वजन बाजूला ठेवावे. ज्यांच्या टेबलासमोर उभे राहून अर्जदाराने बरी-वाईट बातमी दिली, ज्यांनी कधी तरी कान उपटले आणि नंतर पाठही थोपटली, ते साहेब योग्य. वर्षातून दोनदा हस्तांदोलन केलेल्या व्यवस्थापकीय संचालकाच्या पत्रात सांगण्यासारखे काही नसते आणि पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात ते उघडे पडते. नोकरी सोडताना संबंध थोडे ताणले गेले असतील, तरी तेवढ्यावरून नाव काढून टाकू नये. राजीनाम्याच्या वेळी रागावलेले साहेब दोन वर्षांनी बहुधा तो राग विसरलेले असतात. कामाविषयीच ज्यांचे मत बरे नव्हते, त्यांच्याकडे मात्र जाऊ नये.

पुढचे सगळे एका कल्पित उदाहरणावर पाहू. एका मेकॅनिकल इंजिनीअर तरुणीने चाकणच्या ॲल्युमिनियमचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात तीन वर्षे काम केले. नंतर ती दुसऱ्या कंपनीत गेली, त्यालाही दोन वर्षे झाली. तिचे त्या वेळचे विभागप्रमुख आता चेन्नईतल्या वेगळ्या कंपनीत आहेत. अमेरिकी बिझनेस स्कूलांचे अर्ज फेऱ्यांमध्ये घेतले जातात. पहिल्या फेरीची मुदत साधारण सप्टेंबरात आणि दुसरीची जानेवारीच्या सुरुवातीला संपते. ती दुसऱ्या फेरीत तीन ठिकाणी अर्ज करणार आहे.

जानेवारीची मुदत कागदावर लांब दिसते, पण मागे मोजत आले की कमी पडते. डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस साहेब रजेवर असू शकतात. त्याआधी वर्षअखेरीचे ऑडिट असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी येते. लिहिणाऱ्याला दोन मोकळे रविवार मिळायला हवेत, असा हिशेब धरला तर दिवाळी उरकली की लगेच विचारणे बरे, म्हणजे मुदतीच्या सहा-सात आठवडे आधी. तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ देऊन मागितलेल्या पत्रात घाई उतरते. फार आधी, म्हणजे सहा महिने अगोदर विचारले, तर साहेब ‘हो, जरूर’ म्हणतात आणि विसरून जातात.

पहिला निरोप छोटा असावा आणि त्यात नकाराला वाट असावी. अनेक वर्षे बोलणे नसेल, तर थेट कामाचे बोलणे अवघड वाटते, म्हणून माणसे आधी ‘कसे आहात सर, घरी सगळे ठीक ना’ अशी दोन-तीन दिवस प्रस्तावना करतात. साहेबांना त्यामागचा हेतू नंतर कळतोच, आणि आधीची विचारपूस त्यामुळे खोटी वाटू लागते. त्यापेक्षा पहिल्याच निरोपात विषय सांगावा. या तरुणीने असे लिहिले असते:

‘सर, नमस्कार. चाकणला तुमच्या विभागात तीन वर्षे होते, त्याला आता दोन वर्षे झाली. पुढच्या वर्षी एमबीए करायचा विचार आहे आणि जानेवारीत तीन ठिकाणी अर्ज करणार आहे. माझे काम तुम्ही सर्वांत जवळून पाहिले आहे, म्हणून शिफारसपत्रासाठी पहिले नाव तुमचेच आठवले. फॉर्ममध्ये कामातले प्रसंग आणि मला कुठे सुधारणा करावी लागली, असे दोन्ही विचारतात. साधारण दोन-तीन तास लागतील. माझ्याबद्दल मनापासून आणि तपशिलात लिहिता येईल असे तुम्हाला वाटत असेल, तरच हो म्हणा. सध्या वेळ नसेल किंवा दुसऱ्या कुणाला विचारावे असे वाटत असेल, तर तसेही मोकळेपणाने सांगा, मला मुळीच वाईट वाटणार नाही. या आठवड्यात दहा मिनिटे फोन केला तर चालेल का?’

यात कामाला किती वेळ लागेल, ते खरे सांगितले आहे. ‘पाच मिनिटांचे काम आहे सर’ असे सांगून मिळवलेला होकार नंतर महाग पडतो. फॉर्म उघडल्यावर साहेबांना दोन मोठी उत्तरे दिसतात आणि ती खरोखरच पाच मिनिटांत उरकली जातात. ‘मनापासून आणि तपशिलात’ हे शब्दही नीट निवडलेले आहेत. ‘पत्र द्याल का’ याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, कारण संकोच आड येतो. ‘तपशिलात लिहिता येईल का’ याला मात्र प्रामाणिक माणूस थबकतो, आणि ते थबकणे फोनवर ऐकू येते. ‘बघू’, ‘पाठवून ठेव’, ‘एचआरला विचारावे लागेल’ अशी उत्तरे आली की होकार कोमट आहे, असे समजून आभार मानावेत आणि दुसरे नाव पाहावे. समितीसमोर कोमट पत्र नकारासारखेच वाचले जाते, कारण तिथे आलेली बहुतेक पत्रे स्तुतीचीच असतात.

होकार पक्का असेल, तर फोनवर बहुतेकदा एक वाक्य येते: ‘अगं, तूच लिहून पाठव, मी बघून टाकून देतो.’ यात साहेबांचा काही वाईट हेतू नसतो. कॉलेजात, सरकारी कामात, कंपनीत मसुदा कनिष्ठाने करायचा आणि सही वरिष्ठाने, हा आपला रिवाज आहे. पण शिफारसपत्रात तो चालत नाही. पत्र लिहिणाऱ्यानेच लिहावे आणि अर्जदाराने त्यात हात घालू नये, असे अनेक संस्था स्पष्ट शब्दांत सांगतात. काही संस्था प्रवेश दिल्यावर अर्जातल्या माहितीची पडताळणी करतात आणि पत्र लिहिणाऱ्यांशी संपर्क साधतात. त्यात गैरप्रकार आढळला तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो. नियम बाजूला ठेवले तरी तोटा आहेच. वर्षाला शेकडो अर्ज वाचणाऱ्याला अर्जदाराचा निबंध आणि दोन साहेबांची पत्रे एकाच हाताची असली, तर वाक्याच्या वळणावरून, त्याच त्या आवडत्या शब्दांवरून ते जाणवते. आणि अर्जदाराला स्वतःबद्दल एक गोष्ट कधीच लिहिता येत नाही, ती म्हणजे तुलना. ‘माझ्या हाताखाली आजवर चाळीसेक इंजिनीअर आले, त्यांत अडचणीच्या मुळाशी जाण्यात ही पहिल्या तिघांत’ हे वाक्य साहेबांच्या डोक्यातच असते. मसुदा हाती आला की ते तिथेच राहते.

तेव्हा या वाक्याला नम्रपणे असे उत्तर द्यावे: ‘सर, मी लिहिलेले त्यांना चालत नाही, तशी माझ्याकडून सही घेतात. पण तुम्हाला सगळे आठवत बसायला लागू नये म्हणून प्रसंगांचे टिपण पाठवते. लिहायचे ते तुमच्या शब्दांत.’ मदतीची हद्द इथे आखलेली आहे. घडलेले काय ते पुरवायचे, त्याचा अर्थ लावायचे काम साहेबांवर सोडायचे.

हे टिपण चांगले करायला अर्जदाराचे एक-दोन दिवस जातात, आणि ते द्यावेत. दीड-दोन पानांपेक्षा ते मोठे नसावे. पाच-सात पानांचे टिपण साहेब उघडून बंद करतात. सुरुवातीला काम केल्याच्या तारखा, पद आणि रोजचे काम दोन ओळींत लिहावे, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना चूक होत नाही. अर्जात दिलेल्या तारखा आणि पत्रातल्या तारखा जुळल्या नाहीत, तर उगीच शंका येते. त्यानंतर साहेबांनी स्वतः पाहिलेले दोन किंवा तीन प्रसंग. इथे अर्जदारांची नेहमीची चूक होते: ते बायोडेटातली यादीच पुन्हा देतात. बायोडेटा समितीकडे असतोच. प्रसंगात काय बिघडले होते, अर्जदाराने काय केले, साहेब त्या वेळी कुठे होते आणि शेवटी काय झाले, एवढे यायला हवे.

आपल्या उदाहरणातल्या तरुणीने पहिल्यांदा असे लिहिले: ‘गळती चाचणीतील नामंजुरी कमी करण्याचा प्रकल्प यशस्वीपणे राबवला.’ यावरून साहेबांना काही आठवणार नाही आणि आठवले तरी ते हेच वाक्य इंग्रजीत उतरवतील. दुसऱ्या प्रयत्नात तिने लिहिले:

‘पंपाच्या कव्हरची गळती चाचणी. रात्रपाळीत शंभरातले सहा भाग नापास होत होते, दिवसपाळीत दोन. सगळ्यांना वाटत होते, की रात्रीचे ओतकाम खराब आहे. मी चार रात्री लाइनवर थांबले. दिवसा धुलाई यंत्रातून निघालेले भाग ट्रेमध्ये साठायचे आणि निवायचे. रात्री माणसे कमी, म्हणून भाग गरम असतानाच थेट चाचणीला लागायचे. तापमान बदलले की आतल्या हवेचा दाब बदलतो आणि चांगला भागही गळका दिसतो. तुम्ही सकाळच्या मीटिंगमध्ये विचारले होते, की ओतकामाचा दोष नाही कशावरून. मी रात्री नापास झालेले तीस भाग निववून पुन्हा तपासले होते, त्यातले एकवीस पास झाले. तो तक्ता तुम्ही फळ्यावर लावलात. वीस मिनिटे निववायचा रॅक बसवल्यावर रात्रीचा आकडाही दोनवर आला.’

हे वाचताना साहेबांना ती सकाळ आठवते. आठवली की त्यांना आणखीही काही आठवते, जे तरुणीला ठाऊकच नाही: रॅकच्या खर्चाला त्यांना वर कशी मंजुरी घ्यावी लागली, ओतकाम विभागाच्या प्रमुखांनी नंतर त्यांच्याजवळ काय म्हटले, हीच अडचण त्याआधी दुसऱ्या इंजिनीअरला दोन महिने का सापडली नव्हती. पत्रात खरी किंमत या भागाला येते. टिपणाचे यश मोजायचे तर ते असे मोजावे: टिपणात नसलेले काही साहेबांनी लिहिले का. ते पत्र पाहता येत नसले, तरी टिपण पाठवल्यानंतरच्या फोनवर याचा अंदाज लागतो. साहेब म्हणाले, ‘अरे हो, आणि त्या दिवशी तर…’, की टिपणाने काम केले.

विशेषणे टिपणात घालू नयेत. ‘यातून माझे नेतृत्वगुण दिसतात’ हे वाक्य साहेबांना अडचणीत टाकते. ते मान्य नसले तरी लिहावेसे वाटते, आणि मान्य असले तरी त्यांचे राहत नाही. जुन्या कंपनीची गुपितेही येता कामा नयेत. ग्राहकाचे नाव, भागाची किंमत, कराराची रक्कम यांऐवजी ‘एक मोठा वाहन उत्पादक’ आणि टक्केवारी पुरते.

मग तो तिसरा प्रश्न. स्वतःची चूक स्वतःच आठवून द्यायची, हे अवघड असते, पण साहेबांवर यापरता उपकार नाही. चूक निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: ती साहेबांनी खरोखर दाखवली होती का, आणि त्यानंतर वागण्यात पाहता येईल असा बदल झाला का. तरुणीने याच प्रकल्पातला भाग लिहिला. तिसऱ्या रात्री तिने रात्रपाळीच्या सुपरवायझरला न सांगता भाग बाजूला काढून तपासायला घेतले. चाचणीचे यंत्र अडकून पडले, लाइन चाळीस मिनिटे थांबली आणि सुपरवायझर भडकले. साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितले, की तुझे गणित बरोबर आहे, पण ज्यांची पाळी आहे त्यांना आधी विश्वासात घे. त्यानंतर दोन आठवडे ती रात्रपाळीच्या सुरुवातीच्या उभ्या मीटिंगला जात राहिली, आणि निववायच्या रॅकची जागा शेवटी त्याच सुपरवायझरांनी सुचवली. एवढे मिळाल्यावर साहेबांना ‘जास्त मेहनत करते’ असे लिहिण्याची गरज राहत नाही. या उत्तरामुळे पत्राची विश्वासार्हता वाढते, कारण ज्याने उणे सांगितले त्याने सांगितलेले अधिकही खरे वाटते.

टिपणाच्या शेवटी, एमबीए कशासाठी करायचे ठरवले आहे, ते तीन-चार वाक्यांत लिहावे. अर्जदार निबंधात म्हणतो, की मला कारखान्यांच्या कामकाजात पुढे जायचे आहे, आणि साहेब लिहितात, की हिला बँकिंगची आवड आहे, असे होऊ नये. दोन जण शिफारसपत्र देणार असतील, तर दोघांना वेगळे प्रसंग द्यावेत, म्हणजे समितीला तीच गोष्ट दोनदा वाचावी लागत नाही. तक्त्याबद्दल एवढेच सांगून ठेवावे, की प्रत्येक पायरीपुढचे वाक्य वाचून निवडा आणि जे पाहिले नाही तिथे ‘माहिती नाही’ हा पर्याय आहे. आपल्याकडे प्रेमापोटी सगळीकडे सर्वांत वरची पायरी निवडतात. वाचणारा मग तो तक्ता बाजूला ठेवतो.

इंग्रजीचा प्रश्न कारखान्यातल्या अनेक उत्तम साहेबांना मागे खेचतो. त्यांचे काम आणि निरीक्षण पक्के असते, पण लिहिण्याची सवय नसते, आणि ‘तूच लिही’च्या मागे कधी कधी हा संकोच असतो. अशा वेळी वीस मिनिटे मराठीत फोनवर बोलावे आणि प्रसंग एकमेकांना सांगावेत. त्यानंतर साहेबांनी साध्या, छोट्या वाक्यांत लिहावे. समिती साहेबांच्या व्याकरणाची परीक्षा घेत नसते. फारच वाटले, तर त्यांच्याच घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुणी एकदा नजर टाकावी, अर्जदाराने नव्हे.

पत्र पोहोचण्याची यंत्रणा वेगळी असते आणि तिच्यात बारीक खाचा आहेत. हल्ली कागद, लखोटा, मोहर यांचे काम उरलेले नाही. अर्जदार संस्थेच्या ऑनलाइन अर्जात साहेबांचे नाव, पद आणि ईमेल भरतो, मग संस्थेकडून साहेबांना आपोआप एक दुवा जातो आणि त्यावर ते पत्र थेट भरतात. ईमेल शक्यतो कार्यालयीन द्यावा, कारण खासगी पत्ता कुणीही तयार करू शकतो. आपल्या उदाहरणात साहेब चेन्नईच्या कंपनीत आहेत, तर ईमेल तिथला द्यायचा आणि संबंध सांगताना ‘त्या वेळी चाकणच्या कारखान्यात विभागप्रमुख’ असे स्पष्ट लिहायचे. जुन्या कंपनीचे लेटरहेड वापरायचा मोह टाळावा. त्या कंपनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार साहेबांना आता नाही. साध्या कागदावरचे पत्र चालते, खोट्या लेटरहेडवरचे अंगाशी येते. उलट, साहेब अजून त्याच कंपनीत असतील, तर एक वेगळी अडचण येऊ शकते. माजी कर्मचाऱ्यांविषयी फक्त पद आणि तारखा सांगायच्या, असा नियम काही कंपन्यांत असतो. साहेबांना तो आधी विचारून घ्यायला सांगावे. पत्र वैयक्तिक नात्याने द्यायला बहुधा हरकत नसते.

कंपन्यांचे ईमेल गाळणारे सॉफ्टवेअर असे आपोआप आलेले संदेश अडवते. म्हणून दुवा पाठवण्याच्या दिवशी साहेबांना एक ओळ पाठवावी: आज अमुक संस्थेकडून मेल येईल, दिसला नाही तर स्पॅममध्ये पाहा. तिन्ही संस्थांचे दुवे एकाच दिवशी पाठवले, तर साहेब एका बैठकीत काम संपवतात. प्रश्न सारखे असतील, तर उत्तरे एका ठिकाणी लिहून तिन्हीकडे चिकटवता येतात. तक्ता मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने भरावा लागतो, हेही आधी सांगून ठेवावे. संस्थांच्या नावांसमोर मुदतीची तारीख आणि भारतातली वेळ लिहिलेला छोटा तक्ता टिपणासोबत द्यावा. अमेरिकेतली मुदत तिथल्या घड्याळावर असते.

दुवा पाठवताना अर्जदाराला एक प्रश्न विचारला जातो: हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत 1974 च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. प्रवेश घेतल्यानंतर त्या नोंदींत ही पत्रेही येऊ शकतात. हक्क सोडला, की पत्र गोपनीय राहते आणि वाचणारा ते मोकळेपणाने लिहिलेले आहे असे धरून चालतो. हक्क सोडणेच रास्त. आणि तो सोडल्यावर ‘सर, एकदा बघू द्या ना’ असे मागे लागू नये. साहेबांनी स्वतःहून पाठवले, तरी दुरुस्त्या सुचवू नयेत, तारीख किंवा पद चुकले असेल तर तेवढेच सांगावे.

पत्र भरले गेले की अर्जदाराला त्याच्या खात्यात तशी नोंद दिसते. आठवण मुदतीच्या दोन आठवडे आधी एकदा आणि पाच-सहा दिवस आधी एकदा करावी. दुसऱ्या वेळी मेल न पाठवता फोन करावा आणि अडलंय कुठे ते विचारावे. बरेचदा साहेबांचा पासवर्ड चालत नसतो, दुव्याची मुदत संपलेली असते किंवा अर्धे भरलेले जतन झालेले नसते. अर्जदाराला दुवा पुन्हा पाठवता येतो. पाच दिवस आधीही साहेबांनी फॉर्म उघडलेलाच नसेल, तर दुसऱ्या नावाची तयारी ठेवावी. अर्ज सादर होईपर्यंत नाव बदलता येते, सादर झाल्यावर ते अवघड होते. ऐन शेवटच्या रात्री पत्र आले नाही, तर अर्ज वेळेत सादर करून संस्थेच्या प्रवेश कार्यालयाला लगेच कळवावे. काही संस्था पत्राला एखाद-दोन दिवस उशीर चालवून घेतात, अर्जाला नाही.

पत्र गेल्याच्या दिवशी आभाराचा फोन करावा. वाचलेल्या वेळेचा मोबदला म्हणून महागडी भेट पाठवू नये, त्याने साक्षीची किंमत कमी होते. निकाल मार्चच्या सुमारास लागू लागतात. तेव्हा कुठे झाले, कुठे नाही, हे साहेबांना इतरांकडून कळण्याआधी कळवावे, नकार आला असला तरीही. टिपण स्वतःजवळ जपून ठेवावे. यंदा जमले नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, तर साहेबांना नवी पत्रे लिहावी लागतील, आणि त्या वेळी त्यांना फक्त मधल्या वर्षात काय झाले तेवढे सांगायचे उरेल.